दातांचे केस पेपर आणि एक्स-रे: दवाखान्याने किती वर्षं ठेवायचे, आणि पेशंटने प्रत कशी मागायची

दातांच्या दवाखान्याने तुमचे कागद किमान किती काळ जपायचे, याचं लेखी उत्तर भारतीय दंत परिषदेच्या 2014 च्या आचारसंहिता नियमांत आहे: उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून 3 वर्षं. त्याच नियमांत दुसरी गोष्ट आहे. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले, तर ते 72 तासांत द्यायचे. कागद 3 वर्षं न जपणं आणि मागितल्यावर 72 तासांत न देणं, हे दोन्ही गैरवर्तनाच्या यादीत घातलेलं आहे. म्हणजे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेला हा विषय नाही.

इतकं स्पष्ट असूनही मी रोज असे पेशंट पाहतो, ज्यांच्याकडे मागच्या दवाखान्यातला एकही कागद नसतो. त्यांनी तो मागितलेलाच नसतो. काहींनी मागितला असेल, तर ‘आमच्याकडे ठेवलाय, तुम्हाला काय करायचाय’ असं उत्तर ऐकून ते गप्प बसलेले असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रातला खासगी दवाखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. सरकारी दंत महाविद्यालयांसाठीचा थोडा वेगळा रस्ता पुढे येईल.

‘उपचार सुरू झाल्यापासून’ या शब्दांत अडचण कुठे आहे

रूट कॅनाल दोन-तीन भेटींत संपतं. तिथे सुरुवातीपासून मोजा नाहीतर शेवटापासून, फार फरक पडत नाही. पण दातांच्या कितीतरी उपचारांना वर्षं लागतात, आणि तिथे हीच मुदत तोकडी पडते.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा नाशिकच्या एका मुलीला जून 2021 मध्ये तारा बसवल्या. तेव्हा ती 13 वर्षांची होती, जन्म मार्च 2008 चा. सुरुवातीला तिचा ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही जबडे एका फोटोत दाखवणारा मोठा एक्स-रे. बाजूने डोक्याचा एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफ काढला, वरच्या-खालच्या दातांची मापं घेऊन प्लास्टरची मॉडेलं केली, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो घेतले. तारा नोव्हेंबर 2023 मध्ये निघाल्या आणि रिटेनर दिला. पुढच्या वर्षी वडिलांची बदली झाली आणि कुटुंब पुण्याला आलं. 2025 मध्ये वरचे पुढचे दात पुन्हा सरकायला लागले, म्हणून आईने तिला तिथल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेलं. नवा ओपीजी काढला, तेव्हा वरच्या चार पुढच्या दातांची मुळं आखूड दिसली.

आता नव्या डॉक्टरांना एकच गोष्ट हवी आहे, 2021 चा ओपीजी. तारांच्या दाबाने काही पेशंटमध्ये मुळांची टोकं झिजतात. काहींची मुळं मात्र जन्मतःच आखूड असतात. आजचा एक्स-रे एकटा पाहून यातलं काय झालंय ते सांगता येत नाही. जुना आणि नवा शेजारी ठेवले की एका मिनिटात कळतं. मुळं आधीपासून आखूड असतील तर पुन्हा हलका दाब देऊन काम करता येईल. तारांमुळे झिजली असतील तर पुन्हा तारा लावायच्या की नाहीत, इथूनच विचार करावा लागेल.

आता मुदत मोजा. उपचार जून 2021 मध्ये सुरू झाले, म्हणून 3 वर्षं जून 2024 मध्ये संपली. म्हणजे तारा काढल्यानंतर जेमतेम सात महिन्यांत नाशिकच्या दवाखान्यावरची नियमातली सक्ती संपली होती. आईने 2025 मध्ये मागितलं, तेव्हा ‘आता आमच्याकडे नाही’ हे उत्तर नियमाला धरून असू शकतं. पेशंटच्या दृष्टीने मात्र त्याचा काहीच उपयोग नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: दीर्घ उपचारांत शेवटच्या भेटीची वाट पाहू नका. तारा, इम्प्लांट, जबड्याची शस्त्रक्रिया, हिरड्यांची शस्त्रक्रिया यांत सुरुवातीचे एक्स-रे आणि फोटो काढले की त्याच आठवड्यात प्रत मागून घ्या. तेव्हा फाइल संगणकात समोरच उघडी असते, नावं-तारखा ताज्या असतात आणि कुणाला त्रासही होत नाही.

3 वर्षं हा तळ आहे, छप्पर नाही

नियमातला शब्द ‘किमान’ आहे. 3 वर्षं झाल्यावर कागद नष्ट केलेच पाहिजेत, असं कुठेही म्हटलेलं नाही. दवाखान्यात फाइल अजून असेल आणि पेशंटने मागितली, तर ‘3 वर्षं झाली, आता देत नाही’ हे उत्तर पटण्यासारखं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये रहेजा खटल्यात स्पष्ट केलं होतं की, पेशंटच्या केस पेपरच्या प्रती देताना रुग्णालय किंवा डॉक्टर पेशंटपासूनच गोपनीयतेचं कारण पुढे करू शकत नाहीत. प्रतींचा नेहमीचा खर्च घेऊन त्या द्यायच्या.

दवाखाना चालवणाऱ्या सहकाऱ्यांनी इथे स्वतःच्या हिताचाही विचार करावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे, पण ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजली जाते, आणि योग्य कारण दिलं तर ग्राहक आयोग उशीर माफही करू शकतो. पेशंट अज्ञान असेल, म्हणजे 18 वर्षांखालचा असेल, तर मर्यादा कायद्यानुसार मुदत तो सज्ञान झाल्यावर धावायला लागते. वरच्या उदाहरणातली मुलगी मार्च 2026 मध्ये 18 पूर्ण करते. तिच्या वतीने तक्रार 2028 पर्यंतही येऊ शकते. जून 2024 मध्ये फाइल रद्दीत गेली असेल, तर त्या डॉक्टरांनी काम कितीही नीट केलेलं असो, ते दाखवायला हातात काही उरत नाही. हजर करता येण्यासारखा कागद हजर केला नाही, तर आयोग त्यातून डॉक्टरांविरुद्ध निष्कर्ष काढू शकतो.

मी स्वतः पाळतो आणि सहकाऱ्यांना सुचवतो तो हिशेब असा. प्रौढ पेशंटची फाइल शेवटच्या भेटीपासून किमान 5 वर्षं. मुलांची फाइल ते 21 वर्षांचे होईपर्यंत, आणि त्यानंतरही शेवटच्या भेटीला 5 वर्षं झालेली नसतील तर ती होईपर्यंत. इम्प्लांटची नोंद शक्यतो कायम, कारण तो स्क्रू पेशंटच्या जबड्यात पंधरा-वीस वर्षं राहतो. तक्रार, नोटीस, पोलीस चौकशी किंवा विम्याचा वाद सुरू असेल, तर ती फाइल मुदत संपली तरी हलवायची नाही. हा कायद्याचा आकडा नाही, कामाच्या सोयीचा आणि सावधपणाचा हिशेब आहे.

काय काय मागायचं

‘माझी फाइल द्या’ एवढंच म्हटलं तर बहुतेक वेळा एक प्रिस्क्रिप्शन आणि बिल हातात येतं. नेमकं मागा.

केस पेपर म्हणजे तक्रार काय होती, तपासणीत काय दिसलं, निदान काय केलं, प्रत्येक भेटीला कोणत्या दातावर काय केलं, कोणती औषधं दिली, भूल दिली असेल तर कोणती. त्यासोबत सही केलेलं संमतीपत्र. दातांना नंबर असतात, उदाहरणार्थ खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ 36. केस पेपरवर हा नंबर असतो, त्यामुळे ‘डाव्या बाजूची दाढ’ असं मोघम राहत नाही.

रूट कॅनाल झालं असेल तर किमान तीन एक्स-रे असण्याची अपेक्षा ठेवा: आधीचा, मुळाची लांबी मोजतानाचा आणि भरल्यानंतरचा. बरेच दवाखाने आता लांबी मशिनवर मोजतात, त्यामुळे मधला नसेलही. पण आधीचा आणि नंतरचा असायला हवा. तीन वर्षांनी त्याच दाढेखाली पुन्हा पू झाला, तर नवा डॉक्टर आधी हेच बघतो की मुळाच्या टोकापाशी तेव्हा किती काळा भाग होता. तो कमी होतोय, तेवढाच आहे की वाढतोय, यावर पुन्हा रूट कॅनाल करायचं, थांबायचं की दात काढायचा, ते ठरतं.

इम्प्लांट झालं असेल तर कंपनीचं नाव, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर लेखी घ्या. इम्प्लांटच्या पाकिटावर चिकटपट्टीचं लेबल असतं, ते डॉक्टर केस पेपरवर लावतात. त्याचा एक फोटो तुमच्याकडे असू द्या. मागे माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. कॅप हलत होती, आतला स्क्रू फक्त घट्ट करायचा होता. पण इम्प्लांट कोणत्या कंपनीचा हे कुणालाच माहीत नव्हतं आणि बऱ्याच कंपन्यांच्या स्क्रूला त्यांचाच ड्रायव्हर लागतो. एक्स-रेवरच्या आकारावरून अंदाज बांधायचा, मग ड्रायव्हर मिळवायचा, यात दोन आठवडे गेले. लेबल असतं तर ते दहा मिनिटांचं काम होतं.

तारांच्या पेशंटने सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे ओपीजी, सेफ, फोटो आणि शक्य असेल तर प्लास्टर मॉडेल मागावीत. मॉडेल जागा फार खातात, म्हणून दवाखाने ती सगळ्यात आधी टाकून देतात. ‘टाकणार असाल तर मला द्या’ असं सांगून ठेवलं, तर बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात. आता बऱ्याच ठिकाणी मापं स्कॅनरने घेतात. तिथे `.stl` फाइल मागा.

एक्स-रेची प्रत कोणत्या रूपात घ्यायची

इथे जरा थांबतो, कारण पेशंटला प्रत मिळते आणि ती निरुपयोगी निघते, असं इथेच सगळ्यात जास्त घडतं.

तोंडात सेन्सर ठेवून काढलेला छोटा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात आरव्हीजी म्हणतात, तो थेट संगणकात जातो. आपल्याकडे सर्रास त्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून पाठवतात. त्यात स्क्रीनची चकाकी येते, कडा तिरक्या होतात, आणि मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ नाहीशी होते. हाडाची तीच रेघ कुठे तुटली आहे, यावरून आजार ओळखायचा असतो. म्हणून सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केलेली मूळ फाइल मागा. प्रत्येक आरव्हीजी सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टची सोय असते. `DICOM` मिळाली तर उत्तम, नाहीतर `TIFF` किंवा पूर्ण आकाराची `JPEG` चालेल. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल, तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवली की ॲप ती आकसून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून जशीच्या तशी येते.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, याची गोष्ट वेगळी आहे. तो बहुधा बाहेरच्या सेंटरमध्ये होतो. तिथून एक मोठी फिल्म किंवा चकचकीत कागद आणि रिपोर्ट मिळतो. त्या कागदावर रेडिओलॉजिस्टने निवडलेले मोजकेच काप असतात. पूर्ण स्कॅनमध्ये शेकडो काप असतात आणि ते फाइलमध्येच पाहता येतात. इम्प्लांट दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घ्यायचा झाला, तर त्यांना हाडाची रुंदी आणि खालच्या जबड्यातल्या नसेपासूनचं अंतर स्वतः, हव्या त्या कोनातून मोजायचं असतं. कागदावरून ते होत नाही. म्हणून सेंटरमधून निघतानाच सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या, किंवा डाउनलोडची लिंक घ्या आणि ती त्याच दिवशी उतरवून ठेवा. या फाइली आकाराने मोठ्या असतात. लिंकची मुदत संपते, आणि अनेक सेंटर जागा भरली की जुने स्कॅन काढून टाकतात.

घरी आल्यावर सीडी एकदा उघडून बघा. आत `DICOMDIR` नावाची फाइल किंवा `.dcm` शेवट असलेल्या फाइली दिसल्या की मूळ स्कॅन मिळाला. फक्त चार-सहा `JPEG` चित्रं असतील, तर ते फोटो आहेत, स्कॅन नाही. दुसऱ्याच दिवशी परत जा.

जुन्या पद्धतीच्या फिल्मवरचे एक्स-रे अजून कितीतरी घरांच्या कपाटांत आहेत. ही छोटी फिल्म साधारण 31 बाय 41 मिलिमीटरची असते आणि एका कोपऱ्यात बोटाला लागणारा उंच ठिपका असतो. तो ठिपका आपल्याकडे फुगलेला धरला की फिल्मची दिशा कळते. फिल्म उलटी धरली तर डावी दाढ उजवी दिसते, म्हणून प्रत काढताना ठिपक्याकडे लक्ष हवं. फिल्म धुताना फिक्सर नीट लागला नसेल किंवा पाण्यात पुरेशी धुतली नसेल, तर काही वर्षांत ती पिवळी-तपकिरी पडते. तशी होण्याआधीच प्रत करा. खोलीत अंधार करायचा, लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावायची, फिल्म तिच्यापासून दोन-तीन बोटं पुढे धरायची म्हणजे स्क्रीनचे ठिपके उमटत नाहीत, आणि फ्लॅश बंद ठेवून मोबाइल सरळ समोर धरून फोटो घ्यायचा. फाइलच्या नावात तारीख आणि दाताचा नंबर लिहायचा. मूळ फिल्म कोरड्या कागदी पाकिटात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि फिल्म एकमेकींना चिकटतात.

अर्ज कसा करायचा

आधी तोंडी मागा. दहातल्या आठ वेळा काम तिथेच होतं, आणि रिसेप्शनवरच्या ताईंना नीट सांगितलं तर त्याच शोधून देतात. दोन दिवसांत काही झालं नाही, किंवा तुमचे डॉक्टरांशी संबंध ताणलेले असतील, तर लेखी अर्ज द्या. 72 तास कधी सुरू झाले हे नंतर दाखवायचं झालं, तर कागदच लागतो.

अर्जात चढा सूर नको, कारण सांगायची सक्तीही नाही. एवढं पुरे:

> प्रति, (डॉक्टरांचं नाव व दवाखान्याचा पत्ता)
>
> विषय: माझ्या दंतोपचाराच्या नोंदी व एक्स-रेच्या प्रती मिळणेबाबत
>
> माझ्यावर (महिना, वर्ष) ते (महिना, वर्ष) या काळात आपल्याकडे उपचार झाले. केस पेपर क्रमांक ……. मला पुढील गोष्टींच्या प्रती हव्या आहेत: 1) सर्व भेटींच्या नोंदींसह केस पेपर, 2) संमतीपत्र, 3) सर्व एक्स-रे, मूळ डिजिटल फाइलच्या रूपात, 4) बिले व पावत्या. भारतीय दंत परिषदेच्या 2014 च्या आचारसंहिता नियमांनुसार या प्रती 72 तासांत द्याव्यात, ही विनंती. प्रतींचा वाजवी खर्च मी देईन. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आहे.
>
> (नाव, सही, तारीख, मोबाइल)

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर ‘मिळाला’ असं लिहून तारीख, वेळ, सही आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि तोच अर्ज ईमेलवरही पाठवा. घरातला दुसरा कुणी आणायला जाणार असेल, तर सहीचं अधिकारपत्र आणि दोघांचं ओळखपत्र द्या. मुलांच्या बाबतीत आई किंवा वडील मागू शकतात. पेशंट हयात नसेल, तर जवळच्या वारसाने मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडावा.

डॉक्टरांनी प्रती देताना पेशंटकडून पोच घ्यावी. काय काय दिलं याची यादी पोचेवर असावी. हे दोघांच्याही भल्याचं आहे.

नेहमी ऐकू येणारी चार उत्तरं

‘एक्स-रे आमचे आहेत.’ मूळ फाइल आणि फिल्म दवाखान्याने जपायची असते, कारण जपण्याची जबाबदारी त्यांची आहे. म्हणून मूळ कागदाचा आग्रह धरू नका. प्रत मात्र तुमची आहे, आणि तिला नकार देता येत नाही.

‘आधी बाकी बिल भरा.’ 72 तासांच्या नियमात बिल भरल्याची अट नाही. बिलाची वसुली हा वेगळा व्यवहार आहे. प्रतींचा खर्च मागणं योग्य आहे. एका आरव्हीजीच्या फाइलसाठी मूळ एक्स-रेइतके पैसे मागणं योग्य नाही.

‘तुमच्या नव्या डॉक्टरांना फोन करायला सांगा, त्यांनाच पाठवतो.’ हे चांगल्या मनानेही म्हटलं जातं आणि घाईच्या वेळी उपयोगी पडतं. पण हक्क तुमचा आहे, त्यामुळे एक प्रत तुम्हालाही हवी.

‘संगणक बिघडला, सगळं गेलं.’ असं होतं, विशेषतः जिथे बॅकअप नसतो तिथे. अशा वेळी ‘या तारखेचे एक्स-रे या कारणाने उपलब्ध नाहीत’ असं लेटरहेडवर लिहून मागा. खरंच गेलं असेल तर डॉक्टर लिहून देतील. कधीकधी असं पत्र मागितल्यावर फाइल सापडते.

मिळालेली प्रत तपासायची कशी

दवाखान्यातून निघण्याआधी पाच मिनिटं काढा. प्रत्येक एक्स-रेवर किंवा फाइलच्या नावात तुमचं नाव आणि तारीख आहे का, ते बघा. आरव्हीजीत दुसऱ्याच पेशंटचा एक्स-रे चुकून तुमच्या नावाखाली जाणं अशक्य नाही. एक सोपी खूण सांगतो: तुमच्या तोंडात असलेली कॅप किंवा चांदीचं फिलिंग एक्स-रेत ठळक पांढरं दिसतं. ते त्या जागी दिसत नसेल, तर लगेच विचारा. ओपीजीवर डावी-उजवी दाखवणारं अक्षर असतं. ते कापलं गेलेलं नसावं.

केस पेपरवरच्या भेटींच्या तारखा तुमच्या पावत्यांशी जुळवा. पैसे भरल्याची पावती आहे आणि त्या दिवसाची नोंदच नाही, असं दिसलं तर तिथेच दाखवून द्या. वाद असेल, तर एक्स-रेची `DICOM` फाइलच मागण्यामागे आणखी एक कारण आहे. तिच्या आत एक्स-रे काढल्याची तारीख नोंदलेली असते. स्क्रीनच्या फोटोत ती नसते.

72 तास उलटले तर

चौथ्या दिवशी एक छोटं स्मरणपत्र पाठवा, पहिल्या अर्जाची प्रत जोडून. बाहेरगावी असणं, आजारपण, सुट्टी ही खरी कारणं असतात. आणखी चार-पाच दिवस देण्यात काही जात नाही.

तरीही काही आलं नाही, तर दोन दारं आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. महाराष्ट्र राज्य दंत परिषद डॉक्टरांच्या नोंदणीची मालक आहे. तिथे आचारसंहिता मोडल्याची तक्रार करता येते, आणि परिषद ताकीद देण्यापासून नोंदणीपटावरून काही काळ किंवा कायमचं नाव काढण्यापर्यंत कारवाई करू शकते. परिषद भरपाई देत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे उपचार नाशिकला झाले असले, तरी पुण्याला राहायला गेलेल्या कुटुंबाला पुण्यातच अर्ज करता येईल. उपचाराची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते. अर्ज, पोच, स्मरणपत्र आणि पावत्या हे चारच कागद क्रमाने लावून जोडा.

सरकारी दंत महाविद्यालयात उपचार झाले असतील, तर आधी तिथल्या नोंदणी कक्षात केस पेपर क्रमांक देऊन मागा. अडलं, तर माहिती अधिकार कायदा 2005 खाली अर्ज करा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस, आणि उत्तर आलं नाही तर तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. अर्जात ओळखपत्र जोडून ‘ही माझी स्वतःची माहिती आहे’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी माहितीचं कारण पुढे येणार नाही. या महाविद्यालयांत बहुतेक काम विद्यार्थी करतात आणि केस पेपर विभागाविभागांत विखुरलेले असतात. कोणत्या विभागात कोणत्या महिन्यात काय झालं, ते अर्जात लिहिलं तर शोधणाऱ्याचं काम निम्मं होतं.

दवाखान्याने कागद टाकायचे कसे

हा भाग सहकाऱ्यांसाठी. केस पेपर रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. त्यावर पेशंटचं नाव, मोबाइल, मधुमेह, गरोदरपण, रक्ताचे रिपोर्ट, सगळं असतं. भजी त्या कागदात बांधून मिळालेली मी पाहिली आहेत. कागद श्रेडरमध्ये घाला. फिल्ममध्ये चांदी असते, ती काढणारे व्यावसायिक आहेत, पण नावाची पट्टी आधी कापून घ्या. टाकलेल्या फाइलींचं एक साधं रजिस्टर ठेवा: पेशंट क्रमांक, शेवटच्या भेटीची तारीख, नष्ट केल्याची तारीख, सही. पुढे कुणी विचारलं तर हेच रजिस्टर दाखवायचं. संगणकातल्या नोंदींचा बॅकअप दवाखान्याबाहेरच्या ड्राइव्हवरही ठेवा आणि सहा महिन्यांनी एकदा तो खरोखर उघडतो का, ते बघा. आरव्हीजीचं सॉफ्टवेअर बदलताना जुन्या चित्रांचा एक्सपोर्ट आधी करा. जुनी मशीन गेली की कितीतरी दवाखान्यांतले जुने एक्स-रे उघडतच नाहीत.

दवाखाना बंद करताना किंवा विकताना पेशंटना महिनाभर आधी मेसेज आणि दारावर सूचना द्या: कागद कुणाकडे जाणार आणि ते घेऊन जायचे असतील तर कधीपर्यंत.

सगळंच गेलं असेल तर

जुना दवाखाना बंद पडला, डॉक्टर भेटत नाहीत, तरी सगळं संपलेलं नसतं. डॉक्टरांचा सध्याचा पत्ता राज्य दंत परिषदेच्या नोंदणीत मिळू शकतो. ओपीजी किंवा सीबीसीटी बाहेरच्या सेंटरमध्ये झाला असेल, तर त्यांच्याकडे वेगळी नोंद असते. पावतीवरचा क्रमांक आणि तारीख सांगून विचारा. मेडिक्लेमचा दावा केला असेल, तर विमा कंपनीकडे जोडलेले कागद आणि कधी एक्स-रेही असतात. कॅप किंवा ब्रिज केला असेल, तर दंत लॅबचं वॉरंटी कार्ड घरात कुठेतरी सापडतं, त्यावर दाताचा नंबर आणि साहित्य लिहिलेलं असतं. मोबाइलच्या गॅलरीत त्या वर्षाच्या महिन्यांत जाऊन बघा, डॉक्टरांनी पाठवलेला एखादा फोटो मिळतो.

मग नव्या डॉक्टरांकडे जाऊन आजचा ओपीजी काढा, तोंडातल्या प्रत्येक कामाची यादी त्यांच्याकडून दाताच्या नंबरासह लिहून घ्या, आणि या वेळी फाइल घेऊनच घरी या.